नवऱ्याचा रमीचा नाद आणि आमची पुंजी

आमच्या दोघांची आयकर विवरणपत्रं दरवर्षी मीच भरते. मी एका ज्युनिअर कॉलेजच्या कार्यालयात हिशेब बघते आणि नवरा नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत सुपरवायझर आहे. जून २०२५ मध्ये त्याचा फॉर्म १६ आला. मी पोर्टलवरचं वार्षिक माहिती पत्रक उघडलं, तर त्यात कलम १९४बीए खाली एक नोंद दिसली. ऑनलाइन गेममधली जिंकलेली रक्कम ४१,३०० रुपये आणि त्यावर कापलेला कर १२,३९०. विचारलं तर हसून म्हणाला, "जिंकलोय ना, चांगलंच आहे की!"

या नोंदीचं वैशिष्ट्य असं की तिच्यात फक्त जिंकणं दिसतं. नफ्यात असताना अ‍ॅपमधून पैसे बाहेर काढले की तीस टक्के कर कापला जातो आणि नोंद होते. पुढे तेच पैसे आणि वर आणखी हरलात, तर त्याचा पत्ता आयकराच्या पोर्टलवर लागत नाही. हरणं बँकेच्या खाते उताऱ्यात असतं. म्हणून मी संयुक्त खात्याचा ऑक्टोबरपासूनचा उतारा डाऊनलोड केला आणि एक्सेलमध्ये गाळणी लावली. रमीच्या अ‍ॅपकडे गेलेले ५ लाखांच्या वर, परत आलेले सव्वा लाख. बहुतेक व्यवहार रात्री अकरा ते दोनमधले, म्हणजे आम्ही सगळे झोपलेलो असताना.

त्या रात्री मी भांडले नाही. मी शांत स्वभावाची वगैरे मुळीच नाही, पण भांडण सुरू झालं की पैसे हलायला लागतील एवढं कळत होतं. "गेलेले एकदा परत आणतो, मग बंद करतो" असं म्हणणाऱ्या माणसाला पकडलं जाण्याची घाई झाली, तर शेवटचा मोठा डाव तो त्याच रात्री टाकतो. म्हणून आधी पैशाची कुलपं आणि मग बोलणं, असं ठरवलं. एक गोष्ट इथेच सांगते. आमच्याकडे मारहाण नव्हती. जिथे ती आहे तिथे क्रम वेगळा. आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता बघा, १८१ किंवा ११२ ला फोन करा, खात्यांचं नंतर.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून बँकेत गेले. आमचं बचत खातं "दोघांपैकी कोणीही" या पद्धतीचं होतं, म्हणजे कोणीही एकटा सगळे पैसे काढू शकतो. ते "दोघांच्या सहीने" असं बदलायचं तर अर्जावर दोघांची सही लागते. मात्र दोघांपैकी एकानेही लेखी पत्र देऊन व्यवहार थांबवायला सांगितलं तर बँक थांबवते आणि मग पुढे दोघांच्या संमतीशिवाय काही हलत नाही. मी ते पत्र लिहून पर्समध्ये ठेवलं, दिलं नाही, कारण त्याच खात्यातून घरकर्जाचा हप्ता जातो. त्याऐवजी माझ्या पगारातून साठलेले १,१२,००० माझ्या एकटीच्या खात्यात वळवले. या खात्याला माझाच मोबाईल नंबर जोडलेला आहे. यूपीआय बँकेत नोंदवलेल्या नंबरावरच सुरू होतं, त्यामुळे ते खातं त्याच्या फोनच्या आवाक्याबाहेर राहिलं. फोनचं कुलूप आणि यूपीआयचा पिन दोन्ही बदलले, कारण माझा पिन त्याला पाठ होता. लग्नाला पंधरा वर्षं झालेल्या घरात कुणाला नसतो?

मुदत ठेवींचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं निघालं. संयुक्त ठेव मुदत पूर्ण झाल्यावर कोणाही एकाला मिळू शकते, पण मुदतीआधी मोडायची तर दोघांच्या सह्या लागतात, असा नियम आहे. तो शाखेत काढलेल्या कागदी पावतीच्या ठेवीला लागू पडला आणि आमची मोठी ठेव त्यामुळेच वाचली. त्याने स्वतःच्या मोबाईल बँकिंगमधून एकट्याच्या नावाने काढलेल्या ठेवी मात्र तिथूनच, बसल्या जागी मोडल्या होत्या. आणि मुलाच्या नावावरची ठेवही गेली होती! मुलांच्या नावावर ठेवलं की पैसे सुरक्षित, असं आपण धरून चालतो. अज्ञान मुलाच्या ठेवीवर पालक म्हणून ज्याची सही असते तो ती मोडू शकतो, आणि पावतीवर पालक म्हणून बाबांचं नाव होतं. मुलीच्या सुकन्या खात्याला पालक मी आहे, शिवाय त्यातून मुलगी अठराची होईपर्यंत किंवा दहावी पास होईपर्यंत शिक्षणासाठीही पैसे निघत नाहीत. ते जसंच्या तसं होतं. त्याच्या पीएफला मात्र मी काहीच करू शकत नव्हते. आगाऊ रकमेचा अर्ज तो त्याच्या लॉगिनवरून करू शकतो, बायकोला तो अडवता येत नाही. फार तर पासबुक दाखवायला सांगता येतं.

लॉकर संयुक्त होता. उघडला तर माझ्या पाटल्या नव्हत्या.

त्या संध्याकाळी मुलांना क्लासला सोडून गच्चीवर बोललो. मी उताऱ्याची छापील पानं पुढे ठेवली. तो आधी चिडला, मग रडला, मग म्हणाला, "दीड लाखाचं कर्ज आहे, बाकी काही नाही." मी फक्त एवढंच मागितलं की माझ्यासमोर स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढ. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. ओटीपी त्याच्याच मोबाईलवर येतो, त्यामुळे हे त्याच्या संमतीशिवाय होत नाही. मी माझाही काढला, माझ्या नावावर काही घेतलेलं नाही ना हे बघायला. नव्हतं.

रिपोर्टमध्ये बँकेचं वैयक्तिक कर्ज, तीन अ‍ॅपची कर्जं, क्रेडिट कार्ड आणि पाटल्यांवरचं सोनेतारण दिसलं. पण रिपोर्टवर थांबू नका. कंपनीतल्या पगारदार पतसंस्थेचं कर्ज त्यात नव्हतं, ते पगारपत्रकातल्या कपातीच्या रकान्यात सापडलं. हातउसने तर कुठल्याच कागदावर नसतात. ते त्याने एकेक करून पुढच्या आठवडाभरात सांगितले. दीड लाखाची बेरीज अखेर ६,८८,५०० वर थांबली. समुपदेशक नंतर म्हणाल्या की पहिल्यांदा सांगितलेला आकडा जवळपास कधीच पूर्ण नसतो, आणि तो खोटेपणापेक्षा भीतीमुळे जास्त असतो. त्या क्षणी मला हे पटलं नव्हतं.

आता खरा वाद सुरू झाला, आणि तो नवऱ्याशी नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "माझी ठेव मोडा, एकदाचं फेडून टाका, लोक काय म्हणतील." भाऊजींनी गावाकडच्या जमिनीतला वाटा विकायचा विषय काढला. बँकेतल्या ओळखीच्या साहेबांनी सगळ्यात गोड उपाय सुचवला. घरकर्जावर टॉप-अप घ्या, व्याज नऊ-दहा टक्के, सगळी महागडी कर्जं एका फटक्यात बंद. हिशेब करणारी बाई म्हणून सांगते, कागदावर हा उपाय अगदी बरोबर होता. अ‍ॅपची कर्जं तीस टक्क्यांच्या पुढे होती. लाखभर रुपये व्याज सहज वाचलं असतं.

तरी मी नाही म्हटलं. एक कारण असं की आज कोणत्याही तारणाशिवायचं कर्ज उद्या आमच्या घराच्या तारणावर गेलं असतं. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे टॉप-अपला मी सहकर्जदार झाले असते. नवऱ्याने एकट्याने घेतलेलं वैयक्तिक कर्ज बायकोकडून वसूल करता येत नाही, जोवर ती सहकर्जदार किंवा जामीन नाही. ती एक सही म्हणजे हे संरक्षण स्वतःच्या हाताने काढून देणं. दुसरं कारण समुपदेशकांनी सांगितलं. कर्ज एकरकमी फिटलं की कार्डाची मर्यादा पुन्हा मोकळी होते, "तुमच्यासाठी मंजूर कर्ज" असे मेसेज पुन्हा सुरू होतात, आणि खेळणाऱ्याच्या डोक्यात एवढंच राहतं की अडलं तर घरचे सोडवतात. कर्ज त्याच्या पगारातून, त्याच्या डोळ्यांसमोर, हप्त्याहप्त्याने जावं, असं त्यांचं म्हणणं होतं. सासूबाई महिनाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. त्यांची ठेव आजही शाबूत आहे.

उपचारांचा रस्ता आम्हाला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवरून सापडला. फोन फुकट असतो, मराठीत बोलता येतं आणि रात्रीही लागतो. त्यांनी सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जायला सांगितलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेलो. केसपेपरला आणि औषधांना पैसे लागले नाहीत, पण सकाळी साडेआठला रांगेत उभं राहिलेलो आम्ही दुपारी एकला आत गेलो. डबा आणि पाणी बरोबर न्या. डॉक्टरांनी सांगितलं की जुगाराचं व्यसन हे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत स्वतंत्र निदान आहे. नुसतं "मनाला आवर घाल" म्हणून ते जात नाही. झोप आणि उदासीनतेसाठी औषध सुरू केलं आणि समुपदेशनाच्या तारखा दिल्या. मला बाहेर बोलावून त्यांनी एक वेगळा प्रश्न विचारला, "जगण्यात अर्थ नाही असं काही बोलतात का?" कर्जात बुडालेल्या खेळणाऱ्यांत हा धोका मोठा असतो. एकदा बोलला होता, तेही मी सांगितलं. त्यानंतर काही आठवडे आम्ही त्याला रात्री एकटं सोडलं नाही आणि त्याचा फोन दहानंतर सासूबाईंच्या कपाटात जायला लागला. गॅम्बलर्स अनॉनिमस या जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या ऑनलाइन बैठकीलाही तो बसू लागला. पहिल्या दोन-तीन वेळा कॅमेरा बंद ठेवून.

त्याच महिन्यात मी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन आले. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नसते, सल्ला आणि वकील दोन्ही विनामूल्य मिळतात. वकीलबाईंनी सांगितलं की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही येतो. स्त्रीधन परस्पर गहाण टाकणं, घरखर्च तोडणं, घर विकायला काढणं, यावर संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मी अर्ज केला नाही. पण दागिन्यांच्या पावत्या, लग्नातले फोटो, उतारे आणि गहाण पावतीची प्रत अशी फाइल करून माहेरी ठेवली आहे. नवऱ्याला ते माहीत आहे.

फेडीचा क्रम असा लावला. आधी पाटल्या, कारण सोनेतारणाची मुदत संपत आली होती आणि लिलावाची नोटीस हातात होती. मुद्दल ८८,००० आणि व्याज मिळून ९३,४०० भरून त्या सोडवल्या. बचतीतून एकरकमी भरलेली हीच एक रक्कम, कारण वस्तू माझी होती. आता त्या माझ्या एकटीच्या नावावरच्या लॉकरमध्ये आहेत. पतसंस्थेचा हप्ता पगारातूनच कापला जातो, त्याला हात लावला नाही. तिथे त्याचे दोन सहकारी जामीन आहेत, आणि थकलं तर संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेऊन त्यांच्याही मागे लागू शकते. कार्डाची थकबाकी हप्त्यांत बदलून घेतली आणि कार्ड बंद करायचा अर्ज दिला. मग सगळ्यात महाग अ‍ॅपपासून एकेक फेडायला घेतलं. फिटलं की कर्ज बंद झाल्याचं पत्र मागून घ्यायचं आणि मगच अ‍ॅप काढून टाकायचं.

मला वाटत होतं की त्याचा पगार सरळ माझ्या खात्यात वळवावा. बँकेतल्या एका बाईंनी वेळीच थांबवलं. कर्जांचे हप्ते जुन्या खात्यातून आपोआप कापले जातात. ते खातं रिकामं राहिलं तर प्रत्येक हप्त्यामागे दंड लागतो, शिवाय असा हप्ता परत जाणं हा चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो. म्हणून पगार तिथेच येऊ दिला आणि पगाराच्याच दिवशी घरखर्चाची ठरलेली रक्कम माझ्या खात्यात जाईल अशी कायम सूचना त्याच्या सहीने दिली. हातात येणारे ४६,०००. त्यातून १४,८०० घरकर्ज, साधारण २२,००० बाकीचे हप्ते, उरलेले घरात. त्याला आठवड्याला १,००० रोख आणि गाडीत पेट्रोल मी भरून देते. बाकी घर माझ्या २३,००० वर चालतं. ओढाताण आहे. मुलाचा क्रिकेटचा क्लास थांबवला नाही, पण दिवाळीला कुठे गेलो नाही.

वसुलीवाल्यांचे फोन जुलैत फार झाले. एकाने माझ्या नणंदेला फोन करून वाटेल ते ऐकवलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही, नातेवाइकांना त्रास देता येत नाही, आणि अ‍ॅपला फोनमधली संपर्क यादी वाचायची परवानगी नाही. मी फोनची वेळ आणि नंबर लिहून, स्क्रीनशॉट जोडून कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला. तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे जाता येतं. तशी वेळ आली नाही, फोन थांबले. रिपोर्टमध्ये नसलेलं एक अ‍ॅप मात्र कुठल्याच नोंदणीकृत कंपनीचं निघालं नाही. त्याची तक्रार सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर आणि रिझर्व्ह बँकेच्या `sachet.rbi.org.in` वर केली.

मुलांचं सांगायचं तर मुलगी आठ वर्षांची, मुलगा तेरा. आम्हाला वाटत होतं त्यांना काही माहीत नाही. जुलैत एकदा भाजी निवडताना मुलगा म्हणाला, "आई, बाबा रात्री बाथरूममध्ये रमी खेळतात, मला माहितीये." हे ओझं त्याने कधीपासून वाहिलं असेल कोण जाणे. समुपदेशकांनी आधी नवऱ्याकडून वदवून घेतलं की मुलाला कोण आणि काय सांगणार. मग दोघांनी मिळून सांगितलं. बाबांना पैसे लावून खेळायची सवय लागली, तो आजार आहे, डॉक्टरांकडे जातोय. घर आपलंच राहणार आहे, शाळेची फी भरलेली आहे. आणि बाबांवर लक्ष ठेवायचं काम तुझं नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून त्याचे खांदे सैल झाले. आकडे सांगितले नाहीत. मुलीला फक्त "बाबांना बरं नाही, म्हणून ते दवाखान्यात जातात" एवढंच. तिच्या गल्ल्यातले पैसे बाबांनीच घेतले होते. ते त्याने त्याच्या आठवड्याच्या रोख रकमेतून पुन्हा टाकले, तिच्यासमोर, मोजून.

घरात काही नेम केले. पैशांचं बोलणं फक्त रविवारी सकाळी, मुलं बाहेर असताना, आणि तेही वहीसमोर. अनोळखी नंबर मुलांनी उचलायचे नाहीत. रात्रीचं जेवण एकत्र आणि त्या वेळी कर्जाचा शब्द नाही. हे सासूबाईंना पाळायला सगळ्यात जड गेलं.

ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि मोठ्या अ‍ॅपनी पैशांचे डाव बंद केले. घरात सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, त्यामुळे डॉक्टरांकडे किंवा पोलिसांकडे खरं सांगायला घाबरायचं कारण नाही. पण अ‍ॅप बंद झालं म्हणून नाद बंद होत नाही. ऑक्टोबरमध्ये दिवाळीचा बोनस ३२,००० आला. आमची कायम सूचना ठरलेल्या रकमेची, त्यामुळे बोनस तिच्यातून निसटला. त्याने २२,००० सांगितले. पगारपत्रकाशी ताळा घातला तेव्हा बाकीचे १०,००० दोन रात्रींत गेलेले दिसले, चार वेगवेगळ्या माणसांच्या नावांवर, दोन आणि तीन हजारांच्या सरळ रकमांत. परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याचे पैसे असेच खासगी खात्यांवर घेतले जातात. रात्रीची वेळ, सरळ आकडे, आणि पुन्हा न येणारी अनोळखी नावं, ही खूण लक्षात ठेवा. यूपीआयची मर्यादा त्याने स्वतः कमी केली होती आणि स्वतःच वाढवली.

मी त्या रात्री पर्समधलं पत्र बाहेर काढलं. सकाळी त्यानेच बँकेत येऊन संयुक्त खातं "दोघांच्या सहीने" करायच्या अर्जावर सही केली. आमच्या बँकेत अशा खात्याला एटीएम कार्ड आणि यूपीआय मिळत नाही. घरकर्जाचा हप्ता त्यातून सुरूच राहिला. पगाराच्या खात्याचं यूपीआय त्याने काढून टाकलं, डेबिट कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बंद केले, आणि ते कार्ड माझ्याकडे आहे. डॉक्टरांनी पुढची तारीख अलीकडे घेतली. रागावले नाहीत. एवढंच विचारलं की बोनस येणार हे आधी माहीत असताना त्याची वाट आधी का ठरवली नव्हती. आता पगाराबाहेरची प्रत्येक रक्कम, ओव्हरटाइम, फरक, पीएफ, जे काही येणार असेल ते रविवारच्या वहीत आधी लिहिलं जातं.

जानेवारी २०२६ मध्ये शिल्लक कर्ज ४ लाख ९० हजारांच्या आसपास आहे. दोन अ‍ॅप बंद झाली, तिसरं मार्चमध्ये होईल. क्रेडिट रिपोर्टसाठी आम्ही चार कंपन्या वर्षभरात वाटून घेतल्या आहेत, दर तिमाहीला एकीकडून. त्यामुळे रिपोर्टमध्ये येणारं नवीन कर्ज घेतलंच तर साधारण तीन-चार महिन्यांत कळतं, आणि तेही एक रुपया न देता. जुलै आणि ऑक्टोबरनंतर या महिन्यातला रिपोर्टही स्वच्छ आला. यूपीआय परत हवं असं त्याने मागच्या रविवारी विचारलं, चहाचे पैसे रोख द्यायची कंपनीत लाज वाटते म्हणून. मी एप्रिलच्या रिपोर्टनंतर डॉक्टरांसमोर ठरवू म्हटलं, आणि आठवड्याचे १,००० वाढवून १,२०० केले.